गरोदरपणात धूसर दिसतंय? चष्मा बदलण्याआधी बीपी मोजा

गरोदरपणात नजर थोडी बदलते. अंगात पाणी साठतं, तसं ते डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातही साठतं. याला कॉर्निया म्हणतात. तो किंचित फुगला की जुन्या चष्म्यातून नीट दिसत नाही. डोळे कोरडे पडतात, लेन्स टोचते. हे हळूहळू होतं आणि बाळंतपणानंतर बहुतेक वेळा ओसरतं. त्यामुळे नवा नंबर काढायची घाई नको.

पण धूसर दिसण्यामागे दुसरं कारणही असू शकतं, प्रीएक्लेम्पसिया. हा गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाचा आजार. तो सहसा 20व्या आठवड्यानंतर दिसतो. यात डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या आकसतात किंवा मेंदूच्या ज्या भागामुळे आपल्याला दिसतं, तिथे सूज येते. म्हणजे तक्रार डोळ्यांची, पण आजार सगळ्या शरीराचा.

एक उदाहरण घेऊ. समजा, धायरीत राहणाऱ्या एका महिलेला आठवा महिना चालू आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. तिथे तिचं बीपी 120/80 आलं. 20 तारखेला तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकू लागले आणि गोळी घेऊनही डोकं थांबेना. घरचे म्हणाले, "मोबाईल कमी बघ." चष्म्याच्या दुकानात नंबर तोच निघाला. पण बीपी मोजलं असतं, तर ते 160/110 दिसलं असतं.

140/90 किंवा त्याहून जास्त बीपी असेल, तर डॉक्टर पुन्हा मोजून खात्री करतात, लघवीतलं प्रोटीन आणि रक्त तपासतात. 160/110 ला मात्र लगेच दाखल करावं लागतं. बीपी उतरवायचं औषध आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. प्रसूती कधी करायची, तेही तेव्हाच ठरतं. उपचार वेळेवर झाले, तर नजर बहुतेकदा पूर्ववत होते.

म्हणून अचानक धूसर दिसणं, दोन-दोन दिसणं, काजवे चमकणं किंवा थोडा वेळ काहीच न दिसणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या 9 तारखेची वाट पाहू नका. सोबत डोकेदुखी, बरगड्यांखाली दुखणं किंवा चेहऱ्यावर सूज असेल, तर धोका आणखी मोठा. ससूनसारख्या, प्रसूती विभाग असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी जा. वाहन नसेल तर 108 ला फोन करा. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही हाच नियम.

आधीपासून मधुमेह असेल, तर त्रास नसतानाही पहिल्या तीन महिन्यांत डोळ्यांत थेंब टाकून मागचा पडदा तपासून घ्या. गरोदरपणात त्याचं नुकसान वेगाने वाढू शकतं आणि सुरुवातीला ते जाणवतही नाही.