पाठ टाचणातून रेझ्युमेकडे

तुमच्यापैकी अनेकांनी बी.एड. केलंय, टीईटी दिलीय, पवित्र पोर्टलवर नाव नोंदवलंय आणि सध्या कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवताय. काहींची तर पाच-सात वर्षं खासगी शाळेत गेली आहेत आणि पगार मात्र जिथे होता तिथेच आहे. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, ‘अरे, कंपन्यांमध्ये ट्रेनर म्हणून बघ ना, शिकवताच तर येतं तुला.’ मग रेझ्युमे उघडला जातो आणि गाडी पहिल्याच ठिकाणी अडते. नावाखालच्या त्या चार ओळींत, म्हणजे समरीत, लिहायचं काय?

या चार ओळी महत्त्वाच्या असतात, कारण कंपनीत रेझ्युमे चाळणाऱ्या माणसाला ‘सहायक शिक्षक’ या पदावरून काहीच कळत नाही. पुढचं पान वाचायचं की नाही, हे तो इथेच ठरवतो. आमचं म्हणणं असं, की शिक्षक या ओळी लिहिताना दोन टोकांच्या चुका करतात. एक तर ते स्वतःला फारच साधं करून टाकतात, नाहीतर भलताच सूट-बूट चढवतात. दोन्हींत त्यांचं खरं काम हरवतं.

एक उदाहरण घेऊ. समजा एक ताई आहेत. नऊ वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतात, वर्गात पन्नास-पंचावन्न मुलं. त्यांनी लिहिलेली पहिली समरी अशी:

‘मेहनती, प्रामाणिक आणि अध्यापनाची आवड असलेली शिक्षिका. नऊ वर्षांचा अनुभव. विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध. कॉर्पोरेट क्षेत्रात आव्हानात्मक संधीच्या शोधात.’

आता यावरचं नाव झाका आणि खाली तुमच्या शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाचं नाव लिहा. चालतंय ना? मग या समरीने काहीच सांगितलेलं नाही. शिवाय ‘कॉर्पोरेट क्षेत्रात’ म्हणजे नक्की कुठे? कंपन्यांमधलं प्रशिक्षण हे एकच काम नसतं. नव्या भरतीला कंपनीची ओळख करून देणारं इंडक्शन वेगळं, कॉल सेंटर किंवा बँकेतलं प्रोसेस ट्रेनिंग वेगळं, सेल्सच्या लोकांना उत्पादन समजावणारं प्रॉडक्ट ट्रेनिंग वेगळं आणि पडद्यामागे बसून कोर्स तयार करणारं इन्स्ट्रक्शनल डिझाइन आणखी वेगळं. ताईंनी यातलं एक निवडायला हवं. विज्ञान शिकवणाऱ्या, किचकट गोष्ट सोपी करणाऱ्या व्यक्तीला प्रॉडक्ट ट्रेनिंग किंवा इंडक्शन जवळचं आहे.

मग कुणीतरी ताईंना इंटरनेटवरचे नमुने दाखवतं आणि दुसरा मसुदा येतो:

‘परिणामकेंद्री लर्निंग प्रोफेशनल. पाचशेहून अधिक लर्नर्सचं परफॉर्मन्स मॅनेजमेंट. स्टेकहोल्डर एंगेजमेंट आणि कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशनमध्ये निपुण.’

लर्नर्स म्हणजे मुलं, स्टेकहोल्डर म्हणजे पालक आणि कॉन्फ्लिक्ट म्हणजे मागच्या बाकावरची मारामारी. ऐकायला भारी वाटतं, पण मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, ‘परफॉर्मन्स मॅनेजमेंट कसं करायचात, सांगा.’ कंपनीत या शब्दाला ठरलेला अर्थ आहे: कर्मचाऱ्याची उद्दिष्टं ठरवणं, वर्षभर आढावा घेणं, त्यावर पगारवाढ किंवा बढती ठरणं. ताईंनी यातलं काहीच केलेलं नाही. दोन मिनिटांत फुगा फुटतो आणि त्यांनी खरोखर केलेल्या कामावरचाही विश्वास उडतो. म्हणून नियम सोपा ठेवा. ज्या शब्दामागची घटना तुम्ही दोन मिनिटं न अडखळता सांगू शकता, तोच शब्द समरीत ठेवा.

आता ताईंचं खरं काम काय ते बघू. त्यासाठी शब्दकोश नको, त्यांची कपाटातली पाठ टाचण वही हवी. बी.एड.ला ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ लिहून लिहून हात दुखलेले तुम्हालाही आठवत असतील. तास संपल्यावर विद्यार्थी नेमकं काय करू शकेल, हे आधी लिहायचं आणि मगच पाठ आखायचा. कंपनीतला ट्रेनरही सत्र आखताना इथूनच सुरुवात करतो. वर्षाच्या सुरुवातीला पूर्वज्ञान तपासणारी चाचणी घेणं, कोण कुठे अडलंय हे शोधणं, त्या गटाला उपचारात्मक अध्यापन देणं आणि पुन्हा तपासणं, या क्रमाला तिकडे गरज ओळखणं आणि परिणाम मोजणं म्हणतात. हा भाग जसाच्या तसा नेता येतो.

पण एक अडचण उरते आणि ती खरी आहे. मुलं वर्गात बसतात, कारण त्यांना बसावंच लागतं. पस्तिशीतला सेल्स मॅनेजर तसा बसत नाही. त्याला स्वतःचा अनुभव असतो, घाई असते आणि ‘याचा मला सोमवारी काय उपयोग?’ हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेला असतो. त्यामुळे कंपनीची शंका रास्त आहे: तुम्ही मोठ्या माणसांना शिकवलंय का?

इथेच बहुतेक शिक्षक स्वतःकडचा सगळ्यात मोठा पुरावा विसरतात. आपल्याकडे शिक्षकांची प्रशिक्षणं शिक्षकच घेतात. तालुका पातळीवर सुलभक म्हणून कोण उभं राहतं? केंद्राच्या शिक्षण परिषदेत नमुना पाठ कोण देतं? समोर बसलेले असतात वीस वर्षं नोकरी झालेले, सक्तीने आलेले आणि जेवणाची सुट्टी कधी होते याची वाट बघणारे सहकारी. त्यांना दिवसभर गुंतवून ठेवणं म्हणजे प्रौढ प्रशिक्षणच. तरीही रेझ्युमेमध्ये ते शेवटच्या पानावर ‘इतर उपक्रम’ या मथळ्याखाली, विज्ञान प्रदर्शन आणि स्नेहसंमेलन यांच्या मध्ये, कुठेतरी पडलेलं असतं.

समजा आपल्या ताईंनी असं काम दोनदा केलंय. तालुक्यात सुलभक म्हणून चाळीस-चाळीस शिक्षकांचे सहा गट घेतले, म्हणजे २४० शिक्षक. शिवाय २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर स्वतःच्या शाळेतल्या २२ सहकाऱ्यांना ऑनलाइन तास घ्यायला शिकवलं आणि पंधरा दिवसांनी त्यातले १९ जण कुणाच्या मदतीशिवाय तास घेत होते.

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मौल्यवान आहे. का, ते समजण्यासाठी प्रशिक्षण क्षेत्रातली एक जुनी मोजपट्टी माहीत हवी. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ पासून लिहिलेल्या लेखांतून ती पुढे आली. प्रशिक्षण कसं झालं, हे चार पातळ्यांवर तपासायचं: लोकांना आवडलं का, ते काही शिकले का, कामावर परतल्यावर त्यांचं वागणं बदललं का आणि त्यातून संस्थेला काय फायदा झाला. ‘सर्वांनी उत्तम अभिप्राय दिला’ ही पहिली पातळी. परीक्षेतले गुण दुसरी. २२ पैकी १९ जण स्वतः तास घेऊ लागले, ही तिसरी. शिक्षकांच्या रेझ्युमेमध्ये निकालाची टक्केवारी हमखास असते, पण ती दुसऱ्या पातळीवर थांबते. त्यातही शाळेचा निकाल दरवर्षीच शंभर टक्के लागत असेल, तर त्यात तुमचा वाटा किती, हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

आता तिसरा मसुदा:

‘प्रॉडक्ट ट्रेनिंग आणि इंडक्शनसाठी प्रशिक्षक, नऊ वर्षांचा अध्यापनाचा आणि सोबत प्रौढ प्रशिक्षणाचा अनुभव. तालुका पातळीवर सहा गटांत २४० शिक्षकांची प्रशिक्षण सत्रं घेतली. शाळेतल्या २२ सहकाऱ्यांसाठी ऑनलाइन अध्यापनाचं प्रशिक्षण स्वतः आखलं आणि पंधरा दिवसांत १९ जण स्वतंत्रपणे तास घेऊ लागले. तांत्रिक विषय सोपा करून मांडणं आणि पूर्वचाचणीवरून सत्राची आखणी करणं ही बलस्थानं.’

चार वाक्यं. पहिल्यात कुठलं काम हवंय ते, दुसऱ्यात मोठ्यांना शिकवल्याचा पुरावा, तिसऱ्यात झालेला बदल आणि चौथ्यात वर्गातून आणलेलं कौशल्य. ‘मेहनती’ हा शब्द कुठेच नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. शिक्षक असल्याचं लपवलेलं नाही. अर्ज करताना जाहिरात पुन्हा वाचा. तिथे ‘ऑनबोर्डिंग’ लिहिलं असेल, तर तुमच्या ‘इंडक्शन’च्या जागी तोच शब्द घाला, कारण अनेक कंपन्यांत अर्जांची पहिली चाळणी सॉफ्टवेअर करतं आणि ते जाहिरातीतले शब्द शोधतं.

रेझ्युमे शेवटी बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच जाणार, हे मान्य. तरी पहिला मसुदा मराठीत लिहा. ‘स्टेकहोल्डर एंगेजमेंट’च्या मागे लपता येतं, ‘पालकांशी बोलले’ असं लिहिलं की लगेच पुढचा प्रश्न पडतो: काय बोललात आणि त्यातून काय झालं? त्याचं उत्तर मिळालं, तर ते इंग्रजीत न्या. नाही मिळालं, तर ओळ खोडा. मग तो मसुदा शिक्षक नसलेल्या एखाद्या मित्राला वाचायला द्या आणि विचारा, ‘या माणसाला कुठल्या कामावर ठेवशील?’ तो गोंधळला, तर मसुदा अजून कच्चा आहे.

आणि तुमच्याकडे ताईंसारखं दुसरं-तिसरं वाक्यच नसेल तर? तुम्ही दोन वर्षांपूर्वीच लागलात, सुलभक म्हणून कुणी बोलावलं नाही, असंही असू शकतं. तिथे आकडे रचू नका. पुरावा तयार करा. गावातली पतसंस्था, ओळखीच्या माणसाचं दुकान किंवा बचत गट, यांच्याकडे एक दोन तासांचं सत्र घ्या. विषय त्यांच्या रोजच्या कामातला असू दे. समजा, तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाशी कसं बोलायचं. सत्राआधी पाच प्रश्न विचारा, सत्रानंतर तेच पुन्हा विचारा आणि पंधरा दिवसांनी जाऊन बघा, कुणी काय वेगळं करतंय का. आठ माणसांचं असं एक सत्र समरीत ‘आव्हानात्मक संधीच्या शोधात’ या ओळीपेक्षा जास्त वजनाचं ठरेल. मोठी माणसं समोर बसली की तुम्हाला हे काम झेपतं का, आवडतं का, हेही त्यात कळेल. नोकरीचा राजीनामा लिहिण्याआधीच ते कळलेलं बरं.