मराठी तर्जुमा जरूर वाचा, पण तर्जुमा म्हणूनच

गेल्या रमजानमध्ये धुळ्याच्या मामेबहिणीचा मला जळगावला फोन आला. "भाई, मी कुरआनचा मराठी तर्जुमा वाचायला घेतलाय. घरातले मोठे म्हणतात, तर्जुमा वाचून माणूस भरकटतो. खरंच नाजायज आहे का?"

तिचं शिक्षण मराठी शाळेत झालं. अरबी ती नाजरा वाचते, म्हणजे अक्षर ओळखते पण अर्थ कळत नाही. उर्दू बोलते, पण लिपी अडखळत वाचते. म्हणजे मराठी तर्जुमा बंद केला, तर अर्थापर्यंत जायचा तिचा रस्ताच बंद होतो. आणि ज्या घरात हा सल्ला मिळाला, त्याच घरातल्या कपाटात उर्दू तर्जुमा आहे. तोही तर्जुमाच आहे. 18व्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी फारसीत तर्जुमा केला, पुढे त्यांच्या मुलांनी उर्दूत केला. उर्दूत चालतं ते मराठीत का चालू नये?

आपल्या उलेमांची खरी चर्चा तर्जुमा करावा की नाही एवढ्यापुरती नव्हती. तर्जुम्याला कुरआनची जागा देता येते का, हा त्यातला मोठा प्रश्न होता. तो सर्वांत टोकदार झाला नमाजमध्ये. इमाम अबू हनीफा यांनी फारसीत किरात केली तरी नमाज होते, असं मत दिल्याचं हनफी ग्रंथांत नोंदलेलं आहे. त्यांचेच शागिर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी त्याला मर्यादा घातली: ज्याला अरबी उच्चारताच येत नाही, त्याच्यापुरतीच ही सवलत. हनफी मसलकात पुढे हेच मत मान्य झालं, आणि इमामसाहेबांनीही आपलं मत मागे घेतल्याची रिवायत आहे. इमाम शाफई यांच्या मसलकात ही सवलतही नाही. म्हणजे समजून घ्यायला तर्जुमा चालतो, पण नमाजमधली किरात अरबीच.

हा फरक आपल्या भागातल्या एका उदाहरणाने पटकन कळेल. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. त्यांची मराठी 'गीताई' आज अनेक घरांत पाठ म्हणून म्हटली जाते. कुरआनच्या तर्जुम्याला ही जागा मिळत नाही, कारण मुसलमानांच्या श्रद्धेनुसार अर्थाबरोबर अरबी शब्दही अल्लाहचेच आहेत. तर्जुम्यातले शब्द माणसाचे असतात.

माणसाचे शब्द आले की निवड आली. सूरह बकराच्या 228व्या आयतीत तलाक झालेल्या स्त्रीची इद्दत सांगितली आहे: तीन 'कुरू'. अरबीत या शब्दाचे दोन्ही अर्थ होतात, मासिक पाळी आणि दोन पाळ्यांमधला पाकीचा काळ. हनफी मसलकात पाळी हा अर्थ घेतात, शाफई मसलकात पाकीचा काळ. समजा, तलाक पाकीच्या काळात झाला. शाफई हिशेबात तो चालू काळ पहिला धरला जातो आणि तिसरी पाळी सुरू होताच इद्दत संपते. हनफी हिशेबात तिसरी पाळी पूर्ण व्हावी लागते. फरक काही दिवसांचाच. पण रजई तलाकमध्ये इद्दत संपेपर्यंत नवऱ्याला नव्या निकाहशिवाय रुजू करता येतं. म्हणजे त्या काही दिवसांवर एक संसार अवलंबून असू शकतो.

आता मराठी तर्जुमाकाराने काय लिहायचं? दोन्ही अर्थ सांभाळणारा एक शब्द मराठीत नाही. 'तीन पाळ्या' लिहिलं तर ते खानदेशातल्या हनफी घरांना जुळतं, पण कोकणातल्या शाफई घरांना नाही. अरबीत उघडा असलेला प्रश्न मराठीत गुपचूप मिटवला जातो, आणि वाचणारीला ते कळतही नाही. मार्माड्यूक पिक्थॉल काही वर्षं मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते. 1930 मध्ये त्यांचा इंग्रजी तर्जुमा आला, तेव्हा त्यांनी शीर्षकातच 'कुरआनचा अर्थ' असं म्हटलं, ते याचमुळे.

म्हणून मोठ्यांच्या भीतीत थोडं तथ्य आहे, पण त्यांचा उपाय चुकीचा आहे. भरकटतो तो तर्जुमा वाचणारा नाही, तर्जुम्याच्या एका ओळीवरून फतवा देणारा. व्हॉट्सॲपवर "कुरआनमध्ये असं लिहिलंय" म्हणून मराठी ओळ पुढे ढकलणारे आपण सगळेच त्यात आलो. निदान "अमुक तर्जुम्यात असा अर्थ दिलाय" एवढं तरी लिहावं. मराठी तर्जुमे छापणाऱ्यांनी शेजारी अरबी मूळ द्यावं आणि 'कुरू'सारख्या जागी दुसरा अर्थ तळटीपेत सांगावा. आणि आपल्या मशिदींत आठवड्यातून एकदा मराठीत दर्स व्हावा, म्हणजे वाचताना पडलेला प्रश्न विचारायला जागा मिळेल.

बहिणीला मी एवढंच सांगितलं: वाच. दोन तर्जुमे शेजारी ठेव. जिथे ते वेगळं बोलतील तिथे खूण कर आणि आलिमांना विचार. नमाजमध्ये मात्र जे अरबीत पाठ आहे तेच म्हण. आता निदान त्याचा अर्थ तुला माहीत असेल.