पोटाचा व्यायाम: रोज की एक दिवसाआड?

या महिन्यात तुमच्या पत्रांतल्या प्रश्नांऐवजी माझ्या आजोळच्या अंगणातले प्रश्न घेतो. दिवाळीनंतर रामाकोन्याला गेलो होतो. आंबिया बहराचा तोडा सुरू होता, अंगणात संत्र्याचे कॅरेट रचलेले होते, आणि ओसरीच्या फरशीवर माझा एकोणीस वर्षांचा भाचा पहाटे साडेपाचला सिटअप्स मारत होता. अंथरुणातून उठला, चूळ भरली आणि थेट सुरू. रोज दोनशे, गेले चार महिने. अग्निवीरच्या भरतीची तयारी चालली आहे. मात्र आठ दिवसांपासून त्याची कंबर सकाळी धरते आणि धावताना पाऊल मोकळं पडत नाही. भरती तोंडावर असताना ही गंमत नव्हे. चहा झाल्यावर त्याने विचारायला सुरुवात केली आणि हळूहळू घरातले सगळेच सामील झाले.

“मामा, रोज दोनशे मारतो, तरी पोट काऊन नाही जात?”

कारण पोटाचा स्नायू आणि पोटावरची चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिटअप्सनी खालचा स्नायू काम करतो, पण चरबी शरीर सगळीकडून मिळून वापरतं. कुठून आधी काढायची हे ते स्वतः ठरवतं. हलवलेल्या जागेचीच चरबी वितळेल, असा काही नियम नाही.

हे तपासून पाहिलेलं आहे. सचिन विसपुते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी व्यायाम न करणारी 24 माणसं घेतली आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, पोटाचे सात व्यायाम केले. प्रत्येक व्यायामाचे दहा-दहाचे दोन सेट, म्हणजे दिवसाला 140 आवर्तनं. दुसऱ्या गटाने काहीच केलं नाही. शेवटी मोजमाप केलं तेव्हा पोटाच्या चरबीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. फायदा एवढाच झाला की व्यायाम केलेल्यांना पोटाची आवर्तनं आधीपेक्षा जास्त मारता येऊ लागली.

भाच्याचंही तेच झालं आहे. तो सिटअप्समध्ये तरबेज झालाय. दोनशे सिटअप्सना दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात खर्च होणारी ऊर्जा फार तर एका पोळीएवढी. पोट कमी करायचं तर ताटाकडे आणि दिवसभराच्या हालचालीकडे पाहावं लागेल.

“मग करूच नको का? भरतीत लागतात ना सिटअप्स?”

मी त्याला भरतीची यादीच वाचायला लावली. अग्निवीरच्या मैदानी चाचणीत 1.6 किलोमीटरची धाव, बीमवरचे पुलअप्स, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणं आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं आहे. सिटअप्स त्यात नाहीत. तरी धड लागतं, फक्त वेगळ्या कामासाठी. धावताना प्रत्येक पावलाला कंबर डावी-उजवीकडे ढळू नये, बीमला लटकल्यावर अंग झोपाळ्यासारखं हलू नये, खड्ड्यापलीकडे उतरल्यावर पाठ मोडू नये, हे त्याचं काम. पोटाचे, कुशीचे आणि पाठीचे स्नायू मिळून मणक्याला दोरखंडासारखे चहूबाजूंनी ताणून धरतात. म्हणजे वाकवण्यापेक्षा वाकू न देणं हे त्यांचं मोठं काम आहे. सिटअप्समध्ये नेमका त्याचाच सराव होत नाही.

“कंबर कशाने धरली मग?”

मला दोन कारणं दिसली. पहिलं वेळेचं. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी उठल्यावर आपली उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते ती याचमुळे. फुगलेली गादी वाकवली की तिच्यावर जास्त ताण येतो. उठल्यावरच्या पहिल्या तासात ही फूग बरीचशी उतरते. हा नेमका त्याच तासात दोनशे वेळा पुढे वाकत होता. कंबरदुखी असलेल्यांनी सकाळचं पुढे वाकणं टाळलं तर दुखणं कमी होतं, हे अभ्यासांतही दिसलं आहे.

दुसरं कारण त्याच्या पद्धतीत होतं. मी शेजारी बसून बघितलं. साधारण साठपर्यंत त्याचं पोट काम करत होतं. पुढे तो पलंगाखाली अडकवलेल्या पायांच्या जोरावर, मान ओढत, झटक्याने उठत होता. तेव्हा काम जातं मांडीच्या वरच्या, कमरेला आतून जोडलेल्या स्नायूंकडे, आणि ते प्रत्येक वेळी कमरेचे मणके पुढे खेचतात. म्हणजे दोनशेतल्या शेवटच्या एकशेचाळीसांचा पोटाला फारसा उपयोग नव्हता, कंबरेला मात्र त्रास होता.

इथे एक फरक लक्षात ठेवा. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी पोटाचा स्नायू दाबल्यावर दुखतो, तो साधा आंबलेपणा. तो दोन-तीन दिवसांत जातो. मणक्यालगत दुखणं, सकाळी कंबर धरणं, हे व्यायाम बदलायचं लक्षण. आणि कळ ढुंगणातून पायात उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टर गाठा. भाच्याला पायात काही नव्हतं, ते मी आधी विचारून घेतलं.

“पोटाचे स्नायू लवकर भरून येतात, म्हणून रोज चालतं म्हणतात. खरं का?”

हे तालमीत आणि जिममध्ये सारखंच ऐकू येतं. खरं पाहिलं तर पोटाचा स्नायू दंडाच्या किंवा मांडीच्या स्नायूपेक्षा काही वेगळ्या मातीचा नाही. त्याला खरोखर दमवलं, तर त्यालाही अठ्ठेचाळीस तासांच्या आसपास विश्रांती लागते. “मला तर रोज जमतं” असं कुणी म्हणालं, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की तो व्यायाम आता त्याला हलका पडतोय.

म्हणून “रोज की नाही” याचं उत्तर व्यायाम जड आहे की हलका यावर आहे. ज्यात आठ-दहा आवर्तनांत स्नायू थकतो तो जड. तो आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, मध्ये एक दिवस तरी सोडून. ज्यात स्नायू थोडा वेळ धरून ठेवायचा आणि संपल्यावर दमल्यासारखं वाटत नाही, तो हलका. तो रोज केला तरी बिघडत नाही.

भाच्याला वहीत असं लिहून दिलं. सोमवार आणि गुरुवार जड दिवस, पुलअप्स झाल्यावर. एक, बीमला लटकून गुडघे छातीकडे आणणं, आठ-आठचे तीन सेट. अंग झुलायला लागलं की सेट तिथेच संपला. दोन, एका हातात पाण्याने भरलेली पंधरा लिटरची बादली घेऊन ताठ चालणं, तीस पावलं, मग हात बदलून परत, अशा तीन फेऱ्या. बादली एकीकडे ओढते आणि दुसरी कूस तिला थोपवते. खांदे समतल राहिले पाहिजेत. पहिले तीन आठवडे कंबर निवेपर्यंत लटकण्याचा व्यायाम बंद, फक्त बादली, तीही अर्धी भरून.

बाकीच्या दिवशी संध्याकाळी दहा मिनिटं हलके तीन. हे तिन्ही कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले आहेत. पाठीवर झोपून एक गुडघा दुमडायचा, हात कमरेच्या पोकळीखाली ठेवायचे आणि डोकं-खांदे जेमतेम उचलून दहा सेकंद धरायचे. मग कुशीवर कोपराच्या आधाराने अंग सरळ उचलून तेवढंच धरायचं. शेवटी ओणव्याने उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. प्रत्येकाचे आधी सहा, मग चार, मग दोन, मध्ये थोडा विसावा. श्वास चालू ठेवायचा. श्वास कोंडावा लागत असेल, तर व्यायाम अजून जड आहे असं समजायचं.

“आम्ही दिवसभर कॅरेट उचलतो. आम्हाले कायले पाहिजे पोटाचा व्यायाम?”

हा माझ्या मामांचा प्रश्न, आणि अगदी रास्त. तोड्याच्या दिवसांत भरलेले कॅरेट बागेतून गाडीपर्यंत वाहणारा माणूस धडाचा जड व्यायाम करतच असतो. तो हिशेबात धरायला हवा. भाच्याला सांगितलं, ज्या दिवशी मामासोबत तोड्याला जाशील, त्या दिवशी वहीतला जड दिवस गाळायचा. दंड आणि सूर्यनमस्कारांचंही तसंच. दंडात अंग फळीसारखं सरळ धरावं लागतं, तो धडाचाच व्यायाम आहे. रोज पन्नास दंड मारणाऱ्याने वर पुन्हा पाच मिनिटं प्लँक धरायची गरज नाही.

मामांना मी एवढंच म्हटलं की कॅरेट नेहमी उजव्याच कुशीला घेता, अधूनमधून डाव्या कुशीला घ्या.

“बाळंतपणानंतर पोट आत घ्यायला सिटअप्स करू का?”

हे वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं. आधी एक तपासणी करा. पाठीवर झोपून गुडघे दुमडा आणि डोकं हळूच उचला. बेंबीच्या वर-खाली मधोमध उभा उंचवटा आला, तर दोन बाजूंचे स्नायू अजून जवळ आलेले नाहीत. अशा वेळी सिटअप्सनी आतून दाब वाढतो, म्हणून ते नकोत. स्त्रियांसोबत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून श्वासापासून सुरुवात करून घ्यावी.

दीड महिन्याने भाच्याचा फोन आला. कंबर तिसऱ्या आठवड्यातच मोकळी झाली आणि आता बीमला लटकल्यावर अंग झुलत नाही. “पण पोट?” मी विचारलं. फीत बेंबीवरून घेतलेली होती, सकाळी काही खाण्याआधी, म्हणजे मोजमाप बरोबर होतं. माप जेमतेम अर्धा इंच कमी. तो थोडा हिरमुसला होता. दिवसाचे पाच चहा आणि सोबतची शेव मोजली का, असं विचारल्यावर तो हसला. ते काम वहीतल्या दुसऱ्या पानाचं, आणि ते पान त्याने अजून उघडलेलं नाही.

तुमच्या घरच्या अंगणातले प्रश्न नेहमीसारखे पाठवत राहा. विचारताना वय, दिवसभराचं काम आणि दुखत असेल तर नेमकं कुठे, एवढं जरूर लिहा.