पाचशे रुपये तुमच्या कोणत्या वहीत आहेत?

प्रति,
मेट्रोचे व्यवस्थापकीय संचालक, प्रवास कार्ड देणाऱ्या बँकेचे तक्रार निवारण अधिकारी आणि रिचार्ज अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीचे प्रमुख यांस,



तिघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे. वेगवेगळी लिहिली, तर प्रत्येकाकडून ‘हे आमच्या अखत्यारीत नाही’ एवढंच उत्तर येतं, आणि ते ज्याच्या त्याच्या जागी खरंही असतं.

प्रकरण साधं आहे. माझ्या भाचीच्या कार्डात १४ रुपये उरले होते. तिने सकाळी घरून निघताना अ‍ॅपवरून ५०० रुपये भरले. बँकेतून पैसे गेले, अ‍ॅपने हिरवी खूण दाखवली. पण स्थानकातल्या गेटने कार्ड नाकारलं. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने कार्ड यंत्रावर ठेवून १४ रुपयेच असल्याचं सांगितलं आणि अ‍ॅपवाल्यांशी बोलायला सुचवलं. अ‍ॅपच्या मदत केंद्राने व्यवहार यशस्वी असल्याचं सांगून बँकेकडे पाठवलं. बँकेने रक्कम जमा झाल्याचं कळवून तक्रार बंद केली. तिघांपैकी कोणी खोटं बोललं नाही, आणि मुलीला तिकीट मात्र काढावं लागलं.

असं होतं, कारण या रिचार्जची नोंद तीन वह्यांत होते. पहिली वही प्रवाशाच्या बँकेची, जिथून पैसे वजा होतात. दुसरी कार्ड देणाऱ्या बँकेच्या सर्व्हरवरची, जिथे कार्डाच्या नावे ते जमा होतात. तिसरी कार्डातल्या चिपची. गेट फक्त ही तिसरी वही वाचतं. गर्दीत क्षणार्धात दार उघडायचं, तर दर वेळी सर्व्हरला विचारत बसता येत नाही. म्हणून ‘नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड’ या जातीच्या कार्डांत प्रवासाची शिल्लक चिपवरच ठेवलेली असते. मोबाइलवर भरलेले पैसे आपोआप चिपवर उडी मारू शकत नाहीत. कार्ड एकदा तरी सर्व्हरला जोडलेल्या यंत्रावर टेकवावं लागतं. काही अ‍ॅपमध्ये एनएफसी असलेल्या फोनच्या पाठीवर टेकवूनही हे जमतं. तोवर मनीऑर्डर गावच्या टपाल कचेरीत येऊन पडलेली, पण घरी न पोहोचलेली, अशी त्या पैशांची अवस्था असते. अ‍ॅपची हिरवी खूण कचेरीपर्यंतचीच असते, हे तुम्ही पैसे घेताना सांगत नाही.

शोध कसा घ्यायचा, हेही तुमच्याकडून कळत नाही. म्हणून ते इथे लिहितो.

सर्वांत आधी दुसरं रिचार्ज करू नये. गुंता दुप्पट होतो. मग ज्या यूपीआय अ‍ॅपमधून पैसे दिले, तिथला व्यवहार उघडावा. ‘पेंडिंग’ किंवा ‘फेल्ड’ दिसत असेल, तर अडचण पहिल्या वहीत आहे. दुकानदाराला किंवा कंपनीला यूपीआयने दिलेले पैसे खात्यातून गेले, पण समोरच्याला पोचपावती मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असं रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक सांगतं. ही तक्रार आपल्या बँकेकडे करावी.

व्यवहार ‘सक्सेस’ असेल, तर हा नियम कामाला येत नाही. बँकेच्या दृष्टीने पैसे पोहोचले आहेत. इथे १२ आकडी यूटीआर क्रमांक आणि पैसे कोणाच्या नावे गेले ते टिपून घ्यावं. त्यानंतर रिचार्ज अ‍ॅपमधला ऑर्डर क्रमांक पाहावा, आणि त्याशेजारी दिसणारे कार्डाचे शेवटचे चार आकडे हातातल्या कार्डाशी ताडून पाहावेत. घरात दोन-तीन कार्डं एकाच मोबाइल क्रमांकावर असली, की पैसे भावाच्या कार्डावर गेलेले सापडतात.

आकडे जुळले, तर कार्ड खिडकीवर द्यावं आणि ‘शिल्लक किती’ असं न विचारता ‘बॅलन्स अपडेट करा’ असं सांगावं. शिल्लक वाचताना यंत्र चिप पाहतं. अपडेट करताना ते सर्व्हरला विचारतं. भाचीच्या कार्डावर त्या सकाळी फक्त पहिली गोष्ट झाली होती. संध्याकाळी दुसऱ्या स्थानकावर एका जाणत्या कर्मचाऱ्याने अपडेट केलं आणि चिपवर ५१४ रुपये आले. तिचे पैसे दिवसभर दुसऱ्या वहीत होते.

अपडेट करूनही रक्कम आली नाही, तर दोन शक्यता उरतात. सर्व्हरवर कार्डाच्या नावे काही बाकीच नसेल, तर पैसे अ‍ॅप कंपनी आणि कार्डाची बँक यांच्यामध्ये अडकले आहेत. तक्रार ऑर्डर क्रमांक देऊन अ‍ॅपकडे करावी. दुसरी शक्यता अधिक त्रासाची. यंत्र चिपवर लिहीत असतानाच कार्ड उचललं गेलं, तर लिहिणं अर्धवट राहू शकतं. अशा वेळी सर्व्हर ‘दिले’ म्हणतो आणि चिप ‘मिळाले नाहीत’ म्हणते. याचा निकाल त्या यंत्राच्या नोंदीवरूनच लागतो. म्हणून स्थानक, यंत्राचा क्रमांक आणि वेळ लगेच टिपावी, चिपवरची शिल्लक दाखवणारी पावती मागावी आणि तक्रार कार्डाच्या बँकेकडे करावी. या सगळ्यात यूपीआय पिन किंवा ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो. पैसे परत मिळवायला पिन लागत नाही.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. मात्र कार्ड बँकेचं नसून केवळ मेट्रोचं किंवा बससेवेचं स्वतःचं असेल, तर हा रस्ता बंद असतो. तिथे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उरतो. त्यामुळे कार्डाच्या पाठीवर कोणाचं नाव आहे, हे आधी वाचावं.

आता तुमच्याकडे मागणं. अ‍ॅप कंपनीने हिरव्या खुणेऐवजी ‘रक्कम सर्व्हरवर जमा, चिपवर घेणं बाकी’ असं मराठीत दाखवावं आणि ते कुठे घ्यायचं, हे त्याच पानावर सांगावं. बँकेने यूटीआर क्रमांक टाकला की पैसे तिन्हींपैकी कोणत्या टप्प्यावर आहेत, ते प्रवाशाला दिसेल अशी सोय करावी; जुळवणीसाठी ही नोंद तुमच्याकडे असतेच. बराच काळ न उचललेल्या रकमेचं पुढे काय होतं, हेही लेखी जाहीर करावं. मेट्रोने प्रत्येक खिडकीवर कार्ड वाचण्याआधी अपडेट करण्याची पद्धत लावावी आणि अपयशी अपडेटचीही पावती द्यावी, यंत्राच्या क्रमांकासह.

यातल्या कशालाही नवं कार्ड किंवा नवं गेट लागत नाही. यांपैकी कोणती गोष्ट कोण आणि कधीपर्यंत करणार, एवढं तुम्ही तिघांनी एका कागदावर सही करून कळवावं.

आपला,
रोजचा एक प्रवासी