खसखशीचे दाणे आणि संशयाची रेषा

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या सैनिकांना एक अजब सूचना केली : खसखस खाऊ नका, खसखस घातलेले पाव आणि केकही टाळा. एवढ्या बलाढ्य फौजेला खसखशीचे भय का वाटावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. ज्या घरांत खसखशीवाचून अनारसा होत नाही, तिथे तर हसूच येईल. पण या सूचनेमागे तीस-पस्तीस वर्षांचा एक वाद आहे, आणि त्या वादात निरपराध माणसे भरडली गेली आहेत.

खसखस हे अफूच्या झाडाचे बी. बियांत अफूचा अंश जवळजवळ नसतो. तो असतो बोंडाच्या चिकात. बोंडे फोडून बी काढताना तो चीक दाण्यांना बाहेरून चिकटतो. कुठल्या देशाचे बी, किती धुतलेले, यावर त्याचे प्रमाण ठरते. म्हणून एका पोत्यातली खसखस दुसऱ्या पोत्यासारखी नसते. खाणाऱ्याला नशा मुळीच येत नाही. मात्र त्या चिकातील मॉर्फीन व कोडीन ही द्रव्ये त्याच्या लघवीत उतरतात. तिकडे हेरॉईन टोचून घेणाऱ्याच्या शरीरातही हेरॉईनचे मॉर्फीनच होते. तपासनीसाच्या नळीत दोघांचे मॉर्फीन अगदी सारखेच दिसते.

राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सप्टेंबर १९८६ मध्ये संघशासनाच्या कचेऱ्या अमली पदार्थांपासून मुक्त करण्याचा हुकूम काढला, आणि १९८८ मध्ये आरोग्य खात्याने लघवीच्या तपासणीचे नियम केले. त्यांत एक रेषा आखावी लागली. अफूवर्गीय द्रव्यांसाठी ती दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम अशी ठरली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. रेषेच्या खाली तो निर्दोष, वर तो संशयित.

परीक्षेत उत्तीर्णतेची रेषा आखताना आम्हा शिक्षकांना जो पेच पडतो, तोच इथे पडतो. रेषा कुठेही ओढली तरी काही जण चुकीच्या बाजूला पडतातच. यंत्र अचूक असले तरी हा पेच सुटत नाही. यंत्र मॉर्फीन बरोबर मोजते; ते पावातून आले की सुईतून, हे त्याला ठाऊक नसते.

एक हिशेब मांडून पाहू. यातील आकडे आम्ही केवळ समजावण्यासाठी कल्पिले आहेत. समजा, दहा हजार नोकरांची तपासणी झाली आणि त्यांतले पन्नास जण हेरॉईन घेणारे आहेत. रेषा खाली ठेवली तेव्हा त्यांतले चाळीस सापडले, पण त्यांच्याबरोबर खसखस खाल्लेले एकशे वीस जणही सापडले. म्हणजे पकडलेल्या दर चौघांत तीन निरपराध! ही रेषा चांगली वर नेली तर समजा निरपराध तीनच अडकले, पण व्यसनी मात्र वीसच सापडले. रेषा वर नेल्याने एकशे सतरा जणांची अब्रू वाचली आणि आणखी वीस व्यसनी निसटले. निरपराधांची संख्या एवढी का फुगते? कारण व्यसनी मुळातच थोडे आणि पाव खाणारे पुष्कळ. पुष्कळांतला अल्पसा भागही थोड्यांच्या मोठ्या भागाला मागे टाकतो.

हा सौदा योग्य की अयोग्य, हे केवळ बेरीज-वजाबाकीने ठरत नाही. निसटलेला माणूस कारकून असेल तर एक गोष्ट, विमान चालवणारा असेल तर दुसरी. अमेरिकेत वैमानिक आणि ट्रकचालक यांचीही अशी तपासणी होते. म्हणून रेषा वर नेऊ नका, असे म्हणणाऱ्यांना वेडे म्हणता येणार नाही. रेषा वर गेली की हेरॉईन घेतल्यानंतर ते ओळखू येण्याचा काळ आखूड होतो. तीनशेच्या रेषेवर जो दोन-तीन दिवसांनीही सापडला असता, तो उंच रेषेखालून लवकर सुटतो.

तरीही १९९८ मध्ये आरोग्य खात्याने रेषा ३०० वरून २,००० वर नेली. नियमाप्रमाणे रेषेवर गेलेला प्रत्येक निकाल एका वैद्याकडे जात असे. तो माणसाशी बोले, औषधाची चिठ्ठी पाही, सुईच्या खुणा शोधी. अफूच्या बाबतीत बहुतेक निकाल या वैद्यांना सोडून द्यावे लागत होते. खसखस किंवा डॉक्टरने दिलेले कोडीनचे औषध, एवढेच कारण निघे.

रेषा वर नेतानाच एक दुसरी चाचणी सक्तीची केली गेली, आणि आमच्या मते शहाणपणाचा भाग हाच. हेरॉईनचे मॉर्फीन होताना मध्ये एक द्रव्य बनते, त्याचे नाव सहा-असिटिल मॉर्फीन. हे खसखशीतून कधीच येत नाही. ते सापडले की पावाची सबब संपली. प्रारंभी ही चाचणी २,००० च्या वर गेलेल्या नमुन्यांपुरतीच होती. २०१० पासून ती स्वतंत्रपणे, अवघ्या १० नॅनोग्रॅमच्या रेषेवर होऊ लागली. ही रेषा इतकी खाली ठेवता आली, कारण इथे निरपराध अडकण्याची भीती फारशी नाही. उणीव एकच : हे द्रव्य काही तासांतच शरीरातून नाहीसे होते. कालचे हेरॉईन त्यात दिसेलच असे नाही.

उंच रेषाही कायमची सुरक्षित नसते. २०२३ च्या सैनिकी सूचनेचे कारण हेच होते. खसखशीच्या काही जातींत कोडीनचे प्रमाण पूर्वी समजले होते त्याहून जास्त आढळले. रेषा आखली त्या वेळी जी खसखस डोळ्यांसमोर होती, ती बाजारात उरली नव्हती.

सरकारी नोकराला निदान उंच रेषा होती, आणि निकाल व शिक्षा यांच्यामध्ये एक वैद्य होता. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील लॉरेन्स परगण्यात २०१० मध्ये एका बाळंतिणीला यांपैकी काहीच लाभले नाही. प्रसूतीला जाण्यापूर्वी तिने खसखस लावलेला बेगल नावाचा पाव खाल्ला होता. जेमसन रुग्णालयाने तिची लघवी तपासली. त्या रुग्णालयाची रेषा संघशासनाच्या रेषेहून फार खाली होती. निकाल वर गेला, तो परगण्याच्या बालकल्याण कचेरीला कळवला गेला, आणि तीन दिवसांचे मूल आईच्या घरातून उचलून नेले गेले.

रुग्णालयाला खालची रेषा ठेवण्याची कारणे असू शकतात. उपचारासाठी तपासणी करणारा डॉक्टर एकही आजारी सुटू नये असे पाहतो. चुकून संशय आला तर फार तर आणखी एक तपासणी होते. ती रेषा त्या कामाला ठीकच. पण डॉक्टरने आणखी चौकशी करण्यासाठी आखलेली रेषा इथे मूल काढून घेण्यासाठी वापरली गेली. आकडा तोच राहिला, त्याच्यामागून येणारी शिक्षा मात्र बदलली, आणि रेषा त्याप्रमाणे वर सरकवायला कोणी बसले नव्हते.

व्यसनाचा काहीही पुरावा मिळाला नाही, म्हणून पाच दिवसांनी मूल परत देण्यात आले. आईबापांनी नागरी हक्कांच्या संघटनेच्या मदतीने दावा लावला. जुलै २०१३ मध्ये रुग्णालय आणि परगणा यांनी १,४३,५०० डॉलर देऊन तो मिटवला.