भाडेकरू की लायसन्स घेणार?

मोमिनपुरा-इतवारीतल्या गाळ्याचा इंग्रजी लायसन्स करार मराठीत उतरवताना ‘लायसन्सी’ला ‘भाडेकरू’ लिहून टाकले, तर तो एक शब्द मालकाला महागात पडू शकतो. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातील लायसन्सने केवळ वापराची परवानगी मिळते. म्हणून ‘लायसन्स घेणार’ आणि ‘लायसन्स शुल्क’ असेच लिहावे, व पहिल्या पानावर ठरलेला शब्द शेवटपर्यंत बदलू नये. भाषा छान वाटावी म्हणून शब्द बदलण्याची ही जागा नव्हे. अर्थात, गाळ्याचा ताबा पूर्णपणे सोपवलाच असेल तर नुसत्या नावाने भागत नाही. न्यायालय मथळा नव्हे, व्यवहार पाहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगितले आहे.

कलमांचे क्रमांकही हलवू नयेत. समजा, कलम ४ अनामतीचे, ५ वीजबिलाचे, आणि ११ म्हणते, ‘कलम ५ ची थकबाकी अनामतीतून वळती होईल.’ भाषांतरकाराने सोयीसाठी ३ आणि ४ एकत्र केले, की वीजबिल चौथ्यात जाते आणि अकरावे कलम भलतीकडेच बोट दाखवते. लांब वाक्य तोडायचे तर त्याच क्रमांकाखाली तोडावे. दोन प्रतींत फरक निघाल्यास कोणती ग्राह्य, हे मात्र दोन्ही प्रतींत लिहून घ्यावे.