आउटपुट लिहा : एरर!

शनिवारी सकाळीच भाची कॉम्प्युटर सायन्सची वर्कशीट घेऊन आली, तोंड फुगवून. "मामा, ब्राउझरमध्ये बरोबर दिसतं, तरी बाईंनी फुली मारली!" पुढील कोडचं आउटपुट लिहा, असा प्रश्न होता.

```html
<ol start="3">
<li>Hub
<li>Switch
</ol>
```

तिनं लिहिलं होतं: 3. Hub, त्याखाली 4. Switch. बाईंच्या मते उत्तर ‘एरर’, कारण `</li>` नाही.

माझं मत सांगतो, भाची बरोबर आहे. एचटीएमएल म्हणजे सी प्रोग्रॅम नव्हे. इथे कंपायलर अडवून धरत नाही. ब्राउझर वरून खाली वाचत जातो आणि आत्ता कोणते टॅग उघडे आहेत, एवढं लक्षात ठेवतो. पहिला `<li>` उघडा असताना दुसरा आला, की तो पहिला स्वतःच बंद करतो. ही काही ब्राउझरची मेहेरबानी नाही. `</li>` गाळायची मुभा एचटीएमएलच्या नियमांतच आहे. पण `<b>` ला ती मुभा नाही. तो बंद करायला विसरलात तरी एरर येत नाहीच, पुढचा मजकूर मात्र ठळक होत जातो. (खात्री करायची असेल तर फाइल क्रोममध्ये उघडून F12 दाबा. Elements मध्ये न लिहिलेला `</li>` जागेवर दिसेल.)

तरी ‘आउटपुट लिहा’ हा प्रकार मला आवडतो. ब्राउझर बनून विचार करावा लागतो ना! त्याच वर्कशीटमधला ‘हब आणि स्विच यातील फरक लिहा’ हा प्रश्न मात्र निव्वळ घोकंपट्टी. "हब सगळ्यांना पाठवतो, स्विच फक्त हव्या त्यालाच," भाचीनं धडाधडा म्हणून दाखवलं.

मग मी तिला नेटवर्कचंही आउटपुट विचारलं. नुकताच चालू केलेला स्विच, त्याला अ, ब, क, ड ही चार मशीन जोडलेली. अ ने क ला फ्रेम पाठवली. कोणाकोणाला मिळेल?

"फक्त क ला."

चूक. स्विचचा तक्ता अजून रिकामा आहे. क कुठल्या पोर्टवर बसलाय हे त्याला माहीतच नाही, म्हणून तो फ्रेम ब, क, ड तिघांनाही पाठवतो. ब आणि ड पत्ता बघून ती टाकून देतात. जाता जाता स्विच एक गोष्ट टिपून ठेवतो: अ चा मॅक पत्ता या पोर्टवर. आता क ने उत्तर दिलं तर ते फक्त अ कडे जाईल, आणि क चा पोर्टही कळेल. अ ची पुढची फ्रेम मग थेट क ला. स्विचच्या जागी हब असता तर प्रत्येक वेळी तिघांनाही मिळाली असती, कारण तो काही टिपूनच ठेवत नाही.

भाची जरा गप्प बसली. मग म्हणाली, "आणि स्विच बंद करून परत चालू केला तर?"

तक्ता पुन्हा रिकामा!